फॉरवर्डला लगाम: व्हॉट्सॲपच्या खुणा आणि मर्यादा

व्हॉट्सॲपवर आलेला मेसेज पाठवणाऱ्याने स्वतः लिहिला आहे की दुसरीकडून आलेला पुढे ढकलला आहे, हे 2018 च्या जुलैपर्यंत वाचणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता. ओळखीच्या माणसाकडून आलेला मजकूर त्याचाच वाटे आणि त्याच्यावरचा विश्वास मजकुरालाही मिळे. मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा अशीच पसरत गेली. तिच्याबरोबर फिरणाऱ्या एका व्हिडिओत मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावरच्या मुलाला उचलून नेताना दिसत. मूळ व्हिडिओ कराचीतल्या रोशनी हेल्पलाइन या संस्थेने बालसुरक्षेच्या जागृतीसाठी बनवला होता आणि त्यात शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात, फलक दाखवतात. नेमका हा शेवट कापून तो भारतात फिरवला गेला. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा गावात, मुले पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातले होते.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने दोन बदल केले. पुढे पाठवलेल्या मेसेजवर बाण आणि `Forwarded` ही खूण दिसू लागली. शिवाय भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल, अशी मर्यादा आली. इतर देशांत ती वीसची होती. जानेवारी 2019 मध्ये सगळीकडेच पाच झाली.

मजकूर तपासून खोटे मेसेज अडवणे व्हॉट्सॲपला शक्य नव्हते. मेसेज पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतो. मधल्या सर्व्हरला तो वाचता येत नाही. म्हणून मोजणी मेसेजमध्येच ठेवली गेली. प्रत्येक मेसेजबरोबर एक आकडा कुलपाच्या आतच प्रवास करतो आणि फॉरवर्ड करताना पाठवणाऱ्याच्या फोनवरचे ॲप तो वाढवते.

समजा, नाशिकच्या एका बाईंनी ‘उद्यापासून तीन दिवस पाणी येणार नाही’ असे लिहून बहिणीला पाठवले. हा मूळ मेसेज, त्यावर खूण नाही. बहिणीने तो सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड केला: आकडा एक, बाण एक. तिथून कोणी शाळेच्या पालकांना, पालकांतून कोणी ऑफिसच्या ग्रुपला, असे करत पाचव्यांदा पुढे गेला, की दुहेरी बाण आणि `Forwarded many times` दिसते. बहिणीने तो एकदम पाच ठिकाणी पाठवला असता, तरी त्या पाचही ठिकाणी आकडा एकच राहिला असता. म्हणजे हा आकडा साखळीची लांबी सांगतो, फैलाव नव्हे. दुहेरी बाणाचा मेसेज मोजक्याच लोकांनी पाहिलेला असू शकतो आणि एका बाणाचा हजारोंपर्यंत गेलेला असू शकतो. मजकूर खरा की खोटा, याबद्दल तर दोन्ही खुणा काहीच सांगत नाहीत. ही गोष्ट वापरणाऱ्यांपर्यंत पुरेशी पोहोचलेली नाही, आणि ती पोहोचायला हवी.

मर्यादेचे गणित ग्रुपमुळे मोठे होते. 2018 मध्ये ग्रुपमध्ये 256 माणसे मावत, म्हणजे पाच ग्रुपना एका झटक्यात पाठवलेला मेसेज जवळपास 1,275 जणांकडे जाई. वीस ग्रुपना पाठवला तर 5,100 जणांकडे. एप्रिल 2020 मध्ये, कोरोनाच्या पहिल्या लाटेत, दुहेरी बाणाचा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असे ठरले. त्यानंतर अशा मेसेजचे फॉरवर्ड 70 टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. 2022 मध्ये ग्रुप 1,024 जणांचा झाला, पण त्याच वर्षी, आधीच फॉरवर्ड झालेला मेसेज एका वेळी एकाच ग्रुपला पाठवता येईल असाही नियम आला.

या सगळ्या मर्यादा ‘एका वेळी’ आहेत. पुन्हा निवडून पुन्हा पाठवायला कोणी अडवत नाही; फक्त प्रत्येक वेळी कष्ट पडतात आणि बहुतेकांचा हात तिथे थांबतो. ब्राझीलमधील मिनास जेराइसच्या केंद्रीय विद्यापीठातील आणि एमआयटीतील संशोधकांनी 2019 मध्ये ब्राझील, भारत आणि इंडोनेशियातील सार्वजनिक ग्रुपांवरून साथरोगाच्या प्रतिमानाने हिशेब मांडला. मर्यादेमुळे फैलावाला बराच उशीर होतो, पण मजकूर फारच पसरण्याजोगा असेल तर तो अखेर पोहोचतोच, असे त्यांना आढळले. हा उशीरही मोलाचा आहे, कारण पोलिसांना किंवा खरेखोटे तपासणाऱ्यांना खुलासा करायला तेवढाच अवधी मिळतो.

पळवाटा मात्र उघड्या आहेत. मजकूर कॉपी करून नव्या मेसेजमध्ये चिकटवला की आकडा पुन्हा शून्य होतो. स्क्रीनशॉट घेतला, किंवा व्हिडिओ गॅलरीतून नव्याने पाठवला, तरी तेच. ठरवून प्रचार करणाऱ्यांची तर वेगळी साधने आहेत: 2019 च्या लोकसभा निवडणुकीत, सुमारे हजार रुपयांना मिळणारे सॉफ्टवेअर ही मर्यादा ओलांडून हजारोंना मेसेज पाठवते, असे रॉयटर्सने दाखवून दिले होते. अशा मेसेजवर बाण नसतो, तेव्हा ओळख दुसरीकडून पटवावी लागते. पुन्हा पुन्हा गॅलरीतून गेलेले चित्र दर वेळी दाबले जाऊन पुसट होत जाते. मजकुरात तारीख नसते, ‘आज’ आणि ‘उद्या’ असते, आणि शेवटी जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवण्याची विनंती असते.