फोटो फोनमध्ये दिसतो, अर्जात का चढत नाही? 'एचईआयसी'चा घोळ आणि त्यावरचे सोपे उपाय

पेणहून रोह्याकडे जाताना नागोठणं गेलं की निडी स्टेशन येतं. या पट्ट्यातली मुलं शिकायला पेण, अलिबाग, पनवेलपर्यंत जातात आणि त्यांची कागदपत्रं मात्र घरी, आईच्या पत्र्याच्या पेटीत राहतात. अर्जाचे दिवस आले की घरून फोटो मागवायचा आणि तो अपलोड करायचा, अशी रीत पडली आहे. मागच्या हंगामात आमच्याकडे निडीच्या एका विद्यार्थिनीचा निरोप आला: "दादा, जयभीम. शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला. जातीच्या दाखल्याच्या जागी काहीच दिसत नाही म्हणतात. मी तर टाकला होता." मुदतीचे दोन दिवस राहिले होते.

झालं होतं असं. भावाने घरी दाखल्याचा फोटो काढला. त्याच्याकडे जुना घेतलेला आयफोन. आम्हीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की व्हॉट्सअ‍ॅपवर कागदाचा फोटो साधा पाठवू नका, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे अक्षरं स्पष्ट राहतात. त्याने तसंच केलं. मुलीने तो नेट कॅफेच्या संगणकावर उतरवला. फाइलचं नाव होतं `IMG_2417.HEIC`. अर्जाने ती फाइल नाकारली, कारण तिथे फक्त जेपीजी आणि पीडीएफ चालत होतं. कॅफेतल्या मुलाने फाइलचं नाव बदलून `IMG_2417.jpg` केलं. या वेळी अर्जाने फाइल घेतली, हिरवी खूण आली आणि सगळे निर्धास्त झाले. पुढे कॉलेजात छाननीला बसलेल्या क्लार्कने ती उघडली, तर समोर कोरी चौकट.

यात मुलीची चूक नव्हती, भावाचीही नव्हती. अर्धी चूक आमच्या सल्ल्याची होती. म्हणून ही गोष्ट मुळापासून समजून घेतली आणि इथे मांडत आहोत.

आपण इतकी वर्षं जे फोटो पाहत आलो ते बहुतेक जेपीईजी. ही पद्धत १९९२ सालची आहे आणि जगातला जवळपास प्रत्येक संगणक ती वाचतो. एचईआयसी ही त्यानंतरची पद्धत. व्हिडिओ लहान जागेत बसवण्याचं एचईव्हीसी नावाचं जे तंत्र आहे, तेच एका फोटोला लावलं की एचईआयसी तयार होतो. तेवढ्याच स्पष्टतेचा फोटो साधारण निम्म्या जागेत मावतो. अ‍ॅपलने सप्टेंबर २०१७ मध्ये आयओएस ११ सोबत आयफोनच्या कॅमेऱ्याला ही सवय लावली. अनेक सॅमसंग आणि इतर अँड्रॉइड फोनमध्येही ती सोय आहे, पण तिथे बहुधा ती आपण चालू केली तरच चालते. फोनची जागा वाचते हे खरं. अडचण अशी की एचईव्हीसी तंत्रावर पेटंट आहेत आणि ते वापरणाऱ्या कंपन्यांना त्याचे पैसे मोजावे लागतात. म्हणून विंडोजमध्ये हे फोटो उघडायला अनेकदा वेगळे जोड बसवावे लागतात, क्रोम आणि फायरफॉक्स ते दाखवत नाहीत, आणि सरकारी संकेतस्थळांनी तर त्यांची दखलच घेतलेली नसते.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असंही नाही. मे २०२० मध्ये टाळेबंदीमुळे अमेरिकेत कॉलेज बोर्डाच्या एपी परीक्षा घरबसल्या झाल्या. मुलांनी उत्तरं कागदावर लिहायची आणि फोटो काढून अपलोड करायचे. आयफोनवाल्या अनेकांचे फोटो एचईआयसी निघाले, संकेतस्थळाने ते घेतले नाहीत, वेळ संपली. अशा मुलांना जूनमध्ये पुन्हा परीक्षा द्यावी लागली. तिथेही काहींनी फाइलचं नाव बदलून पाहिलं होतं.

नाव बदलून काम का होत नाही, हे एकदा डोळ्यांनी पाहिलेलं बरं. बरणीवरची चिठ्ठी बदलली म्हणून आतलं मीठ साखर होत नाही. संगणकावर ती फाइल नोटपॅडमध्ये उघडा. बहुतेक कचरा अक्षरं दिसतील, पण अगदी सुरुवातीला `ftypheic` असं वाचता आलं तर आत एचईआयसी आहे, मग नाव काहीही असो. खऱ्या जेपीईजीच्या सुरुवातीला बहुधा `JFIF` किंवा `Exif` दिसतं. पाहून झालं की काहीही जतन न करता नोटपॅड बंद करा. काही संकेतस्थळं फाइलचं फक्त शेपूट तपासतात, आत डोकावत नाहीत. तिथे नाव बदललेली फाइल निमूट चढते, आणि हे नाकारलं जाण्यापेक्षा वाईट. नाकारलं तर निदान कळतं.

आता एक कोडं, ज्याने आम्हालाही बराच वेळ फसवलं. तोच आयफोन, तोच फोटो. फोनवरूनच सफारीत अर्ज उघडून फोटो लायब्ररीतून निवडला तर बहुतेक वेळा चढतो, आणि कॅफेत चढत नाही. कारण असं की लायब्ररीतून निवडताना आयफोन स्वतःच त्याची जेपीईजी प्रत करून संकेतस्थळाला देतो. पण तोच फोटो 'Files'मधून निवडला, किंवा केबल, ड्राइव्ह, 'डॉक्युमेंट' अशा वाटेने संगणकावर नेला, तर तो मूळ रूपातच जातो. म्हणजे ज्याच्याकडे आयफोन आहे त्याने अर्ज त्याच फोनवरून भरला, तर अर्धे प्रश्न उद्भवतच नाहीत.

त्या मुलीच्या बाबतीत फोन निडीत, ती अलिबागला. आम्ही भावाला फोनवरच पायऱ्या सांगितल्या. फोटो उघडायचा, शेअरच्या खुणेवर दाबून `Save to Files` करायचं. मग `Files` उघडून त्या फोटोवर बोट दाबून धरायचं, `Quick Actions` आणि त्यात `Convert Image`. तिथे `JPEG` निवडायचं. आकार विचारला तर मूळ आकारच ठेवायचा, कारण लहान निवडला तर दाखल्यावरचा क्रमांक आणि शिक्का पुसट होतो. ही सोय आयओएस १६ पासून आहे. शेजारी नवी फाइल तयार झाली, ती त्याने पुन्हा 'डॉक्युमेंट' म्हणूनच पाठवली. या वेळी ते बरोबर होतं, कारण आतला माल जेपीईजी होता.

फोन जुना असेल तर घरगुती उपाय आहे. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून, 'HD' निवडून पाठवा. व्हॉट्सअ‍ॅप तो जेपीईजी करूनच पोचवतं. थोडी स्पष्टता जाते, पण कागद उजेडात, सपाट ठेवून, चौकटभर काढला असेल तर अक्षरं वाचता येतात. स्क्रीनशॉटही चालतो, मात्र त्यात फोनच्या पडद्याइतकेच बिंदू मिळतात. बारीक छपाईच्या दाखल्याला तो पुरेलच असं नाही. फाइल विंडोज संगणकावर आलेलीच असेल आणि तिथे उघडत असेल, तर पेंटमध्ये उघडून `Save as` आणि `JPEG picture` केलं की झालं. मॅकवर प्रिव्ह्यूमधून `File`, मग `Export`.

एक वाट मात्र आम्ही टाळायला सांगतो. गुगलवर शोधलं की फुकट रूपांतर करून देणारी कितीतरी संकेतस्थळं येतात. बुद्धविहाराच्या कार्यक्रमाचे फोटो तिथे टाकले तर फार बिघडत नाही. पण जातीचा दाखला, आधार, बँकेचं पासबुक हे अनोळखी माणसाच्या संगणकावर का सोपवायचं? वरच्या सगळ्या उपायांत कागद आपल्याच फोनवर किंवा समोरच्या संगणकावर राहतो, व्हॉट्सअ‍ॅपचा निरोप सोडला तर. कॅफेतून उठताना डाउनलोडमधली फाइल पुसायची आणि व्हॉट्सअ‍ॅप वेबमधून बाहेर पडायचं, हेही त्यातच आलं.

पुन्हा त्या दाखल्याकडे. जेपीईजी तर झाला, पण गाडी पुन्हा अडली. अर्जावर २५६ केबीची मर्यादा लिहिलेली होती आणि नवी फाइल साडेतीन एमबीची होती. हे होणारच. एचईआयसीचं जेपीईजी केलं की फाइल बहुधा फुगते, आणि १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४०३२ बाय ३०२४ बिंदू. इथे पुष्कळ जण घाबरून दर्जा इतका उतरवतात की काहीच वाचता येत नाही. आधी कातरायचं. दाखल्याभोवती चटई, जमीन, भावाचा अंगठा एवढं सगळं आलं होतं, ते पेंटमध्ये कापलं. मग `Resize` मध्ये पिक्सेल निवडून रुंदी १००० केली, उंची आपोआप त्या प्रमाणात आली. फाइल दोनशे केबीच्या आसपास उतरली. तिथेच ती मोठी करून पाहिली. क्रमांक, तारीख, सक्षम अधिकाऱ्याचं पदनाम आणि शिक्का, चारही वाचता आले. एक जरी वाचता आला नसता तर रुंदी ११०० करून पाहिली असती.

अपलोड केल्यावर तिने त्याच पानावर 'View' दाबून फाइल उघडून पाहिली. पहिल्या खेपेला राहून गेलं होतं ते एवढंच. दाखला पडद्यावर सरळ, पूर्ण दिसला, मग तिने अर्ज पुन्हा पाठवला आणि आम्हाला त्याचा स्क्रीनशॉट.

फोन कायमचा वळणावर आणायचा असेल तर आयफोनमध्ये `Settings`, `Camera`, `Formats` इथे `Most Compatible` निवडायचं. सॅमसंगमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये `High efficiency pictures` असतं, ते बंद करायचं. यापुढचे फोटो जेपीईजी निघतील. आधी काढलेले मात्र तसेच राहतील, त्यांचं रूपांतर करावंच लागेल. फोनमध्ये जागा कमी असेल तर अर्जाच्या दिवसांपुरतं बदलून नंतर पूर्ववत करता येतं.

आम्ही आमचा जुना निरोपही बदलला आहे. आता गटावर असं लिहितो: डॉक्युमेंट म्हणून पाठवण्याआधी फाइलच्या नावाचा शेवट पाहा. `.HEIC` किंवा `.HEIF` असेल तर आधी रूपांतर करा, नाव बदलू नका. निडीतल्या त्या भावाने ते वाचून उत्तर टाकलं, "आता माझ्याकडेच पाठवा सगळ्यांनी, मी करून देतो." सध्या त्या वाडीतले चार-पाच जण त्याच्याचकडून करून घेतात.