दुबईचे ऑफर लेटर हाती आले, पण ते खरे आहे का?

कोकणातल्या आपल्या घरांतून आखातात जाणारी मुले नवी नाहीत. आजोबा जहाजाने गेले, वडील विमानाने गेले. आता बोलावणे मोबाईलवर येते. म्हणूनच ते पत्र घरात सगळ्यांनी मिळून वाचावे, असे आम्हाला वाटते.

समजा, आयटीआय झालेल्या एका इलेक्ट्रिशियन मुलाला दुबईतल्या बांधकाम कंपनीचे पत्र आले. पगार दरमहा 2,800 दिरहम, राहणे फुकट. पत्रावर कंपनीचा लोगो, शिक्का आणि एचआर मॅनेजरची सही आहे. शेवटी एक ओळ आहे : व्हिसाच्या कामासाठी 18,500 रुपये 48 तासांत भरावेत, पहिल्या पगाराबरोबर परत मिळतील. लोगो आणि शिक्का कोणीही इंटरनेटवरून उचलू शकतो, त्यामुळे त्यांच्याकडे पाहत बसू नये. पत्र कोठून आले, ते आधी पाहावे.

मेलमध्ये पाठवणाऱ्याचे नाव ठळक दिसते, पण ते नाव पाठवणाराच लिहितो. त्यावर बोट ठेवले की खरा पत्ता उघडतो. त्यात @ च्या पुढचा भाग महत्त्वाचा. नमुना म्हणून धरू, की कंपनीची खरी वेबसाइट xyz.ae आहे. मग hr@xyz.ae हा पत्ता तिचा. hr@xyz-careers.com हा मात्र दुसऱ्याच कोणाचा असू शकतो. जोडरेघ टाकून असे नाव कोणीही थोड्या पैशांत विकत घेतो. xyz.ae.joining.com यात तर खरे नाव आहे, तरी पत्ता joining.com चा आहे. पत्ता उजवीकडून वाचला की हे लगेच कळते. त्याच ठिकाणी Reply-to हेही पाहावे. पाठवणारा कंपनीचा दिसतो आणि उत्तर मात्र एखाद्या जीमेलवर जाते, तर तिथेच थांबावे. एक सांगायला हवे : आखातातल्या काही लहान कंपन्या खरोखरच जीमेल वापरतात. त्यामुळे नुसत्या जीमेलवरून पत्र खोटे ठरत नाही, पण पुढची तपासणी टाळता येत नाही. उलट पत्ता बरोबर निघाला म्हणूनही सगळे मिटले असे नाही.

पुढची तपासणी माणसाची. पत्रावरच्या नंबरावर फोन केला, तर ज्याने पत्र बनवले तोच उचलणार आणि ‘हो, आमचेच’ म्हणणार. कंपनीच्या वेबसाइटवरून कार्यालयाचा नंबर स्वतः शोधावा, एचआर विभाग मागावा आणि सही करणाऱ्याचे नाव, पत्राचा क्रमांक, पदाचे नाव सांगून विचारावे. दुबईत आपला कोणी मामू, चाचा असेल, तर त्याने त्या कार्यालयात एक चक्कर मारणे हे दहा फोनांपेक्षा बरे.

खोट्या पत्राची खरी परीक्षा मात्र रुजू होण्याच्या पद्धतीत होते. संयुक्त अरब अमिरातीत 2021 च्या कामगार कायद्यानुसार भरतीचा खर्च मालकाने कामगाराकडून घ्यायचा नसतो. म्हणजे आपल्या उदाहरणातली 18,500 रुपयांची ओळच पत्राविरुद्ध साक्ष देते. पैसे एखाद्याच्या खाजगी यूपीआयवर मागितले असतील, तर आणखीच. तिथल्या साध्या खाजगी कंपनीत कामगार मंत्रालयाच्या ठरलेल्या नमुन्यातल्या ऑफरवर सही होते, मग कामाचा परवाना आणि प्रवेशाचा व्हिसा निघतो. ओळखपत्राचे काम तिथे पोहोचल्यावर होते. मंत्रालयाच्या ऑफरवर क्रमांक असतो आणि तो mohre.gov.ae वर तपासता येतो. फ्री झोनमधल्या कंपन्यांची व्यवस्था वेगळी असते, हे ध्यानात ठेवावे. ‘आधी व्हिजिट व्हिसावर या, मग बदलून देऊ’ असे कोणी म्हणाले, तर नकार द्यावा. तिथे गेल्यावर मुलाच्या हाती नोकरीचा कसलाच कागद नसतो.

पत्र एजंटामार्फत आले असेल, तर emigrate.gov.in वर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे. तिथे नाव आणि परवाना क्रमांक दोन्ही जुळले पाहिजेत. सरकारी नियमाप्रमाणे एजंटाची सेवा फी 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि तिची पावती द्यावी लागते. मुलगा दहावी झाला नसेल, तर त्याच्या पासपोर्टावर बहुधा ईसीआर असते. अशा कामगाराला अमिरातीत नोकरीसाठी जाण्यापूर्वी सरकारची परवानगी लागते. ‘ती नको, मी विमानतळावर बघतो’ म्हणणारा एजंट मुलाला अडकवतो आहे.

पैसे आधीच गेले असतील, तर लाजेपोटी गप्प न राहता तातडीने 1930 वर फोन करावा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी. तक्रार लवकर गेली, तर रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी बँकेला ती अडवता येण्याची शक्यता असते. मेल, पत्र, व्यवहाराचा क्रमांक आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे बोलणे पुसू नये; पोलीस तेच मागतात.