कामाचा लीड कोणता?

पुण्यात फ्लॅट विकणाऱ्या एखाद्या बिल्डरच्या ऑफिसात मार्केटिंगवाले सांगतात, "५०० लीड दिले." सेल्सवाले म्हणतात, "निम्मे फोनच उचलत नाहीत." हा वाद मिटवायचा तर दोघांनी एकत्र बसून कामाचा लीड कशाला म्हणायचं, हे आधी लिहून काढावं. फोनवर बोलणं झालं, बजेट फ्लॅटच्या किमतीत बसतं, घर सहा महिन्यांत घ्यायचंय आणि साइट पाहायची तारीख ठरली, तरच तो लीड धरायचा. 'इंटरेस्टेड वाटला' हा निकष चालणार नाही, कारण तो माणसागणिक बदलतो.

समजा, फेसबुकवर १ लाख रुपये खर्चून ४०० लीड आले आणि गूगलवर तेवढ्याच पैशांत १००. फेसबुकचा लीड २५० रुपयांना पडला, गूगलचा १,००० ला. पण निकषांत फेसबुकचे १० बसले, गूगलचे २०. म्हणजे कामाचा लीड फेसबुकवर १०,००० रुपयांना पडला आणि गूगलवर निम्म्या किमतीत.

खर्च ज्या महिन्याचा, लीडही त्याच महिन्यात आलेले मोजावेत, मग ते पुढच्या महिन्यात पात्र ठरले तरी चालेल. त्यामुळे ताज्या महिन्याचा आकडा सुरुवातीला महागच दिसतो, हे रिपोर्टमध्ये लिहावं. आणि नाकारलेल्या प्रत्येक लीडपुढे सेल्सने कारण नोंदवावं. फोनच न केलेला लीड नापास धरला, तर उगाच जाहिरातीवर खापर फुटतं.