चालू सर्व्हरला आजारी ठरवणारी चौकशी

एका संस्थेच्या प्रवेश अर्जांची वेबसाइट आम्ही दोन सर्व्हरवर चढवली आणि पुढे ॲमेझॉनच्या क्लाउडवरचा लोड बॅलन्सर ठेवला. येणारी गर्दी दोघांत वाटून देणं हे त्याचं काम. ब्राउझरमध्ये साइट व्यवस्थित उघडत होती, अर्ज भरले जात होते. स्क्रीनवर मात्र दोन्ही सर्व्हरपुढे लाल अक्षरांत `unhealthy`.

लोड बॅलन्सरला सर्व्हरच्या तब्येतीबद्दल एवढंच कळतं, की ठरावीक पत्त्यावर आणि ठरावीक पोर्टवर हाक मारली तर ठरलेलं उत्तर वेळेत येतं का. या हाकेला हेल्थ चेक म्हणतात. मुळातली सेटिंग तशीच ठेवली, तर दर 30 सेकंदांनी `/` हे पान मागितलं जातं, 5 सेकंद वाट पाहिली जाते आणि 200 हाच कोड अपेक्षित असतो. लागोपाठ दोन हाका फुकट गेल्या, की सर्व्हर बाद. मग साइट चालू कशी होती? सगळेच सर्व्हर आजारी दिसले, तर हा लोड बॅलन्सर कोणालाच न वगळता सगळ्यांकडे गर्दी पाठवत राहतो. त्यामुळे ‘साइट चालतेय ना’ म्हणून लाल खुणेकडे काणाडोळा करणं धोक्याचं. त्या अवस्थेत एखादा सर्व्हर खरोखर मेला, तरी लोक त्याच्याकडे पाठवले जातात.

लाल खुणेशेजारी कारण दिलेलं असतं. आमच्याकडे `Target.ResponseCodeMismatch` होतं आणि पुढे कंसात 302. सर्व्हरवर जाऊन तीच हाक मारून पाहिली:

```
curl -i http://127.0.0.1:8080/
```

उत्तर तेच, 302. लॉगिन न केलेल्या माणसाला आमचं मुखपृष्ठ लॉगिनच्या पानावर पाठवत होतं. ब्राउझर त्यामागे गुपचूप जातो, म्हणून आपल्याला ते जाणवत नाही. लोड बॅलन्सर जात नाही. अशा वेळी 302 सुद्धा चालेल असं सांगून बरेच जण मोकळे होतात. मला ते पटत नाही. डेटाबेस बंद पडला तरी लॉगिनकडे वळवणं चालूच राहतं, मग त्या हाकेतून कळणार काय? आमच्या प्रोग्रामात तब्येत सांगणारं `/health` हे वेगळं पान होतं, पण ते 8081 या देखभालीच्या पोर्टवर. 8080 वर ते मागितलं असतं तर 404 आला असता. म्हणून हेल्थ चेकचा पत्ता आणि पोर्ट दोन्ही बदलले.

खूण लालच राहिली, पण कारण बदललं: `Target.Timeout`. म्हणजे चुकीचं उत्तर येण्याऐवजी आता उत्तरच येत नव्हतं. आतून `curl` मारला की 8081 वर झकास 200 येत होता. गोंधळ होतो तो इथेच. आतून आणि बाहेरून मारलेली हाक एकाच वाटेने जात नाही. पोर्ट कोणत्या पत्त्यावर उघडं आहे, ते `ss -ltn` ने पाहिलं:

```
LISTEN  0.0.0.0:8080
LISTEN  127.0.0.1:8081
```

127.0.0.1 म्हणजे यंत्र स्वतःशीच बोलतं तो पत्ता. 8081 फक्त घरातल्या घरात ऐकत होतं. पहिल्या सर्व्हरवर ते सर्व्हरच्या खासगी पत्त्यावर ऐकेल असं केलं आणि प्रोग्राम पुन्हा सुरू केला.

तरी त्याच्यापुढे कारण तेच राहिलं: `Target.Timeout`. नकारही नाही, नुसती शांतता. बहुतेकदा ही फायरवॉलची खूण. प्रोग्राम अडकला असला तरी अशीच शांतता मिळते, पण आतून उत्तर लगेच येत असल्याने ती शंका मिटली. क्लाउडची फायरवॉल, म्हणजे सिक्युरिटी ग्रुप, नको असलेली जोडणी नाकारत नाही, गिळून टाकते. आमच्या नियमात 8080 ला परवानगी होती, 8081 चा उल्लेखच नव्हता. नियम जोडताना सगळ्या जगाला दार उघडायचं नसतं. येणारा कोण, या जागी लोड बॅलन्सरचाच सिक्युरिटी ग्रुप लिहायचा. गूगलच्या क्लाउडवर एचटीटीपी लोड बॅलन्सरची हाक `35.191.0.0/16` आणि `130.211.0.0/22` या पट्ट्यांतून येते, तिथे त्यांना वाट द्यावी लागते. सर्व्हरच्या आत स्वतःची फायरवॉल चालू असेल, तर तीही तपासावी. ती मात्र नियमाप्रमाणे कधी गिळते, कधी सरळ नकार देते, म्हणून नकार आला की फायरवॉलवर संशयच नको असं धरून चालू नये.

नियम जोडल्यावर लगेच हिरवं दिसत नाही. आजारी ठरलेल्याला परत येण्यासाठी लागोपाठ पाच हाकांना नीट उत्तर द्यावं लागतं, म्हणजे सुमारे अडीच मिनिटं. पहिला सर्व्हर हिरवा झाला आणि त्याच क्षणी सगळी गर्दी एकट्या त्याच्यावर आली, कारण आता एक निरोगी सापडल्यामुळे दुसरा खरोखरच वगळला गेला. दुसऱ्यावर 8081 अजून 127.0.0.1 वरच ऐकत होतं. घाईघाईने तिथेही तोच बदल केला आणि पुढची अडीच मिनिटं पहिल्यावरचा भार पाहत बसलो.