कासदाहाचा अहवाल असा मांडा

म्हैसपालक बंधूंनो, कल्याण-मुरबाडकडे पावसाळ्यात कास सुजली की आपण सुईची घाई करतो. सुईआधी सड स्पिरिटने पुसून, पहिल्या धारा टाकून, निर्जंतुक बाटलीतले दूध तपासणीस द्यावे. अहवालात ‘एस’ म्हणजे औषध चालेल, ‘आर’ म्हणजे नाही. समजा, स्ट्रेप्टोकॉकस जंतू निघाला. असा तक्ता आखा:

मोजक्या जंतूंवरचे: पेनिसिलिन – एस
सरसकट मारा करणारे: ऑक्सिटेट्रासायक्लिन – आर, एन्रोफ्लॉक्सासिन – एस

एन्रोफ्लॉक्सासिनचे वर्तुळ मोठे दिसले म्हणून भुलू नका. प्रत्येक औषधाचे माप निराळे, दोन वर्तुळे ताडायची नसतात. वरच्या ओळीत ‘एस’ आहे, तेव्हा डॉक्टरांना पेनिसिलिनचेच विचारा. ई. कोलाय निघाला, तर मात्र पेनिसिलिन कामाचे नाही.