वय भागाकाराने येत नाही

ज्येष्ठ नागरिक संघाची सभासद यादी संगणकावर चढली की चिटणीसांना तिच्यातून दोन गोष्टी हव्या असतात. कोणाचं किती वय पूर्ण झालंय, आणि पुढच्या वाढदिवसाला किती दिवस उरलेत. पहिलीचा संबंध हक्काशी आहे. ६५ पूर्ण झाली की एसटीत अर्धं तिकीट, आणि ७५ पूर्ण झाली की प्रवास मोफत. ही मोफत प्रवासाची सवलत ऑगस्ट २०२२ पासून अमृत ज्येष्ठ नागरिक योजना म्हणून सुरू आहे. दुसरीचा संबंध मायेशी आहे. मासिक सभेत ज्यांना गुलाबाचं फूल द्यायचं, त्यांतलं एकही नाव सुटलेलं चालत नाही. दोन्ही उत्तरं जन्मतारखेच्या एकाच रकान्यातून निघतात. पण ती काढायचा जो मार्ग सगळ्यांना आधी सुचतो, तो चुकीचा आहे.

तो मार्ग असा: आजच्या तारखेतून जन्मतारीख वजा करायची आणि ३६५ ने भागायचं. वजाबाकी अगदी बरोबर येते, कारण एक्सेलच्या लेखी तारीख म्हणजे एक साधा आकडा असतो. १ जानेवारी १९०० हा दिवस १, पुढचा २, अशी ती मोजणी चालू राहते. एखाद्या आजींचा जन्म १० नोव्हेंबर १९५१ चा असेल, तर एक्सेलच्या पोटात त्या चौकटीत १८९४२ हा आकडा असतो. १ नोव्हेंबर २०२६ चा आकडा आहे ४६३२७. दोहोंतला फरक २७,३८५ दिवस. इथपर्यंत सगळं ठीक आहे. आता याला ३६५ ने भागा: उत्तर ७५.०३ येतं. म्हणजे यादी सांगते, आजींना ७५ पूर्ण झाली. प्रत्यक्षात त्यांच्या वाढदिवसाला अजून नऊ दिवस आहेत. १९५२ ते २०२४ या काळात १९ लीप वर्षं येऊन गेली, त्यांचे १९ जादा दिवस भागाकाराने वर्षांत जमा करून टाकले. त्यामुळे ही यादी आजींना २२ ऑक्टोबरपासूनच ७५ वर्षांची म्हणू लागेल, आणि त्या विश्वासाने एसटीत चढलेल्या आजींना कंडक्टर ओळखपत्र पाहून तिकीट काढायला लावेल.

मग कोणीतरी सुचवतं, ३६५ ऐवजी ३६५.२५ ने भागा. चूक त्याने लहान होते, पण जात नाही, आणि नेमकी वाढदिवसाच्या दिवशीच डोकं वर काढते. १५ जून २००८ ला जन्मलेल्या नातवाला १५ जून २०२६ रोजी अठरा पूर्ण होतात. मधले दिवस ६,५७४. त्यांना ३६५.२५ ने भागलं तर १७.९९ येतात, आणि अपूर्णांक सोडला की उरतात १७. ज्या दिवशी तो कायद्याने सज्ञान होतो, त्याच दिवशी यादी त्याला अज्ञान ठरवते. १८७५ चा सज्ञानतेचा कायदा तर सांगतो की अठराव्या वर्षदिनाची सुरुवात होताच माणूस सज्ञान होतो. आपण व्यवहारात वय मोजतो ते असंच, किती वर्षदिन मागे पडले ते पाहून. वर्ष ३६५ दिवसांचं होतं की ३६६, याच्याशी त्याचा संबंध नाही.

वर्षदिन मोजणारं फंक्शन एक्सेलमध्ये आहे, पण ते जरा लपलेलं आहे. DATEDIF हे नाव टाइप करू लागलं तरी सुचवण्यांच्या यादीत ते दिसत नाही, त्यामुळे ते नाहीच असं अनेकांना वाटतं. लोटस १-२-३ या जुन्या प्रणालीतल्या फायली चालाव्यात म्हणून ते ठेवलेलं आहे. पूर्ण नाव लिहिलं की ते काम करतं. गूगल शीट्समध्येही चालतं.

जन्मतारखा B रकान्यात दुसऱ्या ओळीपासून आहेत असं धरू. E1 या चौकटीत ज्या दिवसाचं वय हवं तो दिवस लिहा. रोज आपोआप बदलायला हवा असेल तर तिथे =TODAY() ठेवा. छापायच्या यादीसाठी मात्र ठरावीक तारीखच टाका, नाहीतर पुढच्या महिन्यात फाइल उघडाल तेव्हा आकडे छापील प्रतीशी जुळणार नाहीत. वय C2 मध्ये असं येतं:

```
=IF(B2="","",DATEDIF(B2,$E$1,"Y"))
```

सुरुवातीच्या IF ला कारण आहे. रिकाम्या चौकटीची किंमत शून्य धरली जाते आणि शून्य म्हणजे १९०० च्या आसपासचा दिवस. त्यामुळे IF नसेल तर ज्यांची जन्मतारीख मिळालेली नाही, त्या सगळ्यांचं वय २०२६ मध्ये १२६ दिसतं. यादीत कुठे १२६ भेटलं, तर तिथे तारीखच नाही असं समजा.

उरलेल्या दिवसांचं सूत्र थोडं लांब आहे. D2 मध्ये ते असं लिहायचं:

```
=IF(B2="","",DATE(YEAR(B2)+DATEDIF(B2,$E$1-1,"Y")+1,MONTH(B2),DAY(B2))-$E$1)
```

आजींच्या बाबतीत ते कसं चालतं पाहू. E1 मध्ये १ नोव्हेंबर २०२६ आहे. सूत्र आधी एक दिवस मागे जातं आणि ३१ ऑक्टोबरला पूर्ण झालेलं वय घेतं: ७४. त्यात एक मिळवून ७५. १९५१ अधिक ७५ म्हणजे २०२६. महिना आणि दिवस जन्माचेच, म्हणून पुढचा वाढदिवस १० नोव्हेंबर २०२६. त्यातून १ नोव्हेंबर वजा केला की ९ उरतात. उत्तराच्या जागी ९ न दिसता ०९-०१-१९०० अशी तारीख दिसली तर घाबरू नका. एक्सेलने नवव्या आकड्याला तारखेचा पोशाख चढवला आहे, एवढंच. चौकटीचा फॉरमॅट General केला की ९ दिसतो.

एक दिवस मागे का जायचं, हे १० नोव्हेंबरला कळतं. त्या दिवशी आजचंच वय घेतलं असतं तर ७५ आले असते, पुढचा वाढदिवस ७६ वा धरला गेला असता आणि यादीने ‘३६५ दिवस बाकी’ सांगितलं असतं. ज्यांना फूल द्यायचं, त्याच आजी यादीच्या तळाशी गेल्या असत्या. एक दिवस मागे गेल्याने उत्तर शून्य येतं, आणि D रकाना चढत्या क्रमाने लावला की त्यांचं नाव सगळ्यात वर येतं.

२९ फेब्रुवारीला जन्मलेल्यांची गोष्ट वेगळी आहे. २९ फेब्रुवारी १९५२ चा जन्म असलेल्या आजोबांचा २०२७ मधला वाढदिवस कधी धरायचा, २८ फेब्रुवारीला की १ मार्चला? वरची दोन्ही सूत्रं १ मार्च धरतात, आणि ती एकमेकांशी जुळतात हे महत्त्वाचं. बऱ्याच ठिकाणी DATE च्या जागी EDATE वापरलेलं दिसतं. EDATE अशा वर्षी २८ फेब्रुवारीवर थांबतं, DATEDIF मात्र १ मार्चशिवाय वर्ष पूर्ण मानत नाही. दोघांची गाठ पडली की १ मार्च २०२७ ला यादीत ‘उणे १ दिवस बाकी’ असं उत्तर येतं. रकान्यात कुठेही उणे आकडा दिसला तर सूत्रात हा मेळ बसलेला नाही हे ओळखावं. आजोबा घरी २८ तारखेला केक कापत असतील तर शेरा रकान्यात तसं लिहून ठेवावं. सूत्र त्यासाठी बिघडवू नये.

सूत्रं निर्दोष असूनही यादी चुकते, तेव्हा दोष बहुधा तारखांच्या नोंदीत असतो. आपण दिवस आधी लिहितो, महिना नंतर. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर तो महिना आधी वाचतो. ०७/०५/१९५१ म्हणजे आपल्यासाठी ७ मे, त्याच्यासाठी ५ जुलै. २५/०५/१९५१ मध्ये मात्र पंचविसावा महिना नसल्यामुळे तो हात टेकतो आणि ती नोंद मजकूर म्हणून तशीच ठेवतो. मजकूर चौकटीत डावीकडे चिकटतो आणि खरी तारीख उजवीकडे. म्हणून रकान्यावरून नुसती नजर फिरवली तरी रोग कळतो: डावीकडच्या नोंदींमध्ये दिवस १२ च्या वरचा आणि उजवीकडच्या एकाही नोंदीत १२ च्या वरचा दिवस नाही, असं दिसलं तर उजवीकडच्या, म्हणजे शहाण्या दिसणाऱ्या तारखाच उलटलेल्या आहेत. डावीकडच्या निदान चूक दाखवून देतात, उजवीकडच्या गप्प राहून वाढदिवस दोन-दोन महिने हलवतात.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे मूळ नोंदींकडे परत जाणं. रिकामा रकाना आधी Text करून घ्यावा, मूळ तारखा त्यात चिकटवाव्यात, मग Data मध्ये Text to Columns घेऊन शेवटच्या पायरीवर Date च्या समोर DMY निवडावं. वर्ष चार अंकी लिहिलेलं असावं. नुसतं २८ लिहिलं तर एक्सेल ते २०२८ समजतो, १९२८ ला जन्मलेले आजोबा अजून जन्मायचे ठरतात आणि वयाच्या जागी #NUM! उमटतं.

एवढं सगळं नीट केल्यावर D रकाना लावला की आपल्याकडच्या याद्यांमध्ये एक गंमतशीर रांग दिसते. ३१ मे आला की कितीतरी नावांपुढे एकदम ‘१’ येतो. हा सूत्राचा दोष नाही. गावच्या शाळेत नाव घालताना घरच्यांना तारीख सांगता आली नाही, तर गुरुजी १ जून लिहून टाकत. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, वयाचा हिशेब सोपा जायचा. दाखल्यावरची ती तारीख पुढे नोकरीत, पेन्शनमध्ये आणि ओळखपत्रावर आली. सवलतीसाठी तीच धरावी लागते. पण त्यांतल्या अनेकांना आईने सांगितलेला दिवस आठवतो: नागपंचमीच्या आदल्या रात्री, किंवा दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला. म्हणून यादीत दोन रकाने ठेवावेत, एक कागदावरच्या तारखेचा आणि दुसरा घरच्या वाढदिवसाचा. वयाचं सूत्र पहिल्याला जोडावं. दुसऱ्यात तिथीच लिहिलेली असेल तर तिथे सूत्र चालणार नाही, कारण तिथी दरवर्षी वेगळ्या तारखेला येते. ते काम पंचांग पाहून वर्षातून एकदा हाताने करावं, आणि त्या वर्षाची तारीख समोर लिहून ठेवावी.