गुण तक्त्यात, बेरीज दोनदा

तपासलेली उत्तरपत्रिका घरी एक दिवसासाठी येते, पालक सही करतात आणि ती शाळेत परत जाते. हाती उरतो तो मोबाइलमधला फोटो. मूल नेमके कुठे अडले आणि बेरीज बरोबर आहे का, हे त्या फोटोवरून समजायला हवे असेल, तर गुण प्रश्नवार तक्त्यात उतरवणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

सुरुवात फोटोपासून. पान सपाट ठेवून, उजेड बाजूने घेऊन, फोटो रंगीतच काढावा. स्कॅनिंगच्या अॅपमधला काळा-पांढरा पर्याय सुबक दिसतो, पण त्यात बाईंची लाल शाई आणि मुलाची निळी शाई दोन्ही काळ्या होतात. मग समासातला ‘१’ हा गुण आहे की उत्तराचा क्रमांक, हे कळत नाही. चारही कडा फोटोत आल्या पाहिजेत, कारण गुण बहुधा अगदी कडेलाच लिहिलेले असतात.

सातवीच्या सामान्य विज्ञानाची २० गुणांची एक नमुना चाचणी घेऊ. पहिल्या प्रश्नात एकेका गुणाचे चार उपप्रश्न. दुसऱ्यात चारपैकी कोणतेही तीन, प्रत्येकी दोन गुण. तिसऱ्यात तीनपैकी कोणतेही दोन, प्रत्येकी तीन. चौथा प्रश्न एकच, चार गुणांचा. मुखपृष्ठावर बेरीज लिहिली आहे १७½. हा आकडा सुरुवातीला झाकून ठेवावा. उत्तर आधीच माहीत असले, की पुसट ‘२’ आणि ‘२½’ यांतला सोयीचा आकडा डोळा आपोआप उचलतो.

तक्त्यात प्रत्येक उपप्रश्नाला एक ओळ द्यावी, म्हणजे १२ ओळी होतात. रकाने पाच: प्रश्न, उपप्रश्न, पान, कमाल गुण, मिळालेले गुण. शून्य मिळाले तिथे 0 लिहावे, सोडवलाच नाही तिथे आडवी रेघ. या दोन्ही गोष्टी शिक्षकांच्या लेखी सर्वस्वी वेगळ्या असतात. समासात वर्तुळात लिहिलेला आकडा बहुधा त्या प्रश्नाची एकूण बेरीज असतो. तो वेगळी ओळ म्हणून घेतला, तर तेच गुण दोनदा मोजले जातात.

अर्धा गुण 0.5 असाच टाइप करावा. 1/2 लिहिले तर एक्सेल त्याची तारीख करते, आणि जो आकडा मजकूर म्हणून साठवला गेला तो SUM काहीही न सांगता वगळते. असा आकडा ओळखता येतो, कारण संख्या चौकटीत उजवीकडे टेकतात, मजकूर डावीकडे. शिवाय मिळालेल्या गुणांच्या रकान्याखाली ही दोन सूत्रे द्यावीत:

```
=COUNT(E2:E13)
=SUM(E2:E13)
```

आपल्या मुलीने तिसऱ्यातला एक उपप्रश्न सोडला आहे, म्हणून पहिल्या सूत्राचे उत्तर 11 यायला हवे. 10 आले, तर एक गुण मजकूर होऊन बसला आहे किंवा लिहायचा राहिला आहे.

आता दुसरी बेरीज. ती तक्त्यावरून करायची नाही. तक्त्यात ‘७’च्या जागी ‘१’ वाचला गेला असेल, तर तो तक्त्यावरच्या प्रत्येक बेरजेत ‘१’च राहील. घरातल्या दुसऱ्या कुणीतरी थेट फोटोवरून, शेवटच्या पानापासून उलट, पानवार बेरीज करावी. इथे तिसऱ्या पानावर ६, दुसऱ्यावर ५, पहिल्यावर ६½, एकूण १७½. तक्त्याचीही बेरीज 17.5. म्हणजे वाचन बरोबर आहे, आणि मुखपृष्ठावरचा झाकलेला आकडाही जुळतो.

इथे थांबलो, तर चूक तशीच राहील. प्रश्नवार पाहू:

| प्रश्न | कमाल | मिळालेले | धरायचे |
|---|---|---|---|
| १ | ४ | ३ | ३ |
| २ | ६ | ६½ | ५½ |
| ३ | ६ | ४½ | ४½ |
| ४ | ४ | ३½ | ३½ |
| एकूण | २० | १७½ | १६½ |

दुसऱ्या प्रश्नात सहापैकी साडेसहा! मुलीने चारही उपप्रश्न सोडवले. गुण मिळाले २, १½, १ आणि २, आणि चारही मोजले गेले. बेरीज तिन्ही ठिकाणी जुळली तरी गुण चुकले, कारण चूक बेरजेत नव्हती, नियमात होती. ती फक्त कमाल गुणांच्या रकान्याने पकडली. सर्वांत चांगली तीन उत्तरे धरली तर ५½ होतात; पहिली तीनच धरायचा नियम असेल तर ४½, आणि एकूण १५½. शाळेचा नियम कोणता, हे बाईंनाच विचारावे. गुण कमी होणार असले तरी विचारावे.

राहिले पूर्णांक करणे. ते करायचेच असेल, तर अगदी शेवटी, एकदाच. १६½ चे १७ होतात. पण प्रत्येक प्रश्नाला वेगळे पूर्णांक केले, तर ३, ६, ५ आणि ४ मिळून १८ होतात.